पेरणीच्या सकाळी सेल्फ फक्त ‘टक्’ वाजला : प्रकल्प नोंदी

ट्रेड : मेकॅनिक ट्रॅक्टर, आयटीआय
प्रकल्प : ट्रॅक्टरच्या बॅटरीची आणि टर्मिनलची तपासणी
जागा : काकांचे शेत, औसा तालुका, जिल्हा लातूर

८ जून

आज मृगाचा पाऊस झाला. काल रात्रीचा धरून आमच्या शिवारात चांगली ओल गेली आहे. काकांनी बांधावर कुदळीने वीतभर खोल खणून माती मुठीत दाबून पाहिली. गोळा झाला, पण हाताला चिखल लागला. म्हणाले, “अजून वापसा न्हाई. परवा सकाळी होतंय.” सात एकर सोयाबीन आहे, एकरी तीस किलो बियाणे, म्हणजे सात बॅगा. त्या घरात येऊन पडल्या आहेत.

सरांनी प्रकल्पाला विषय दिला तेव्हा वाटले होते की वर्कशॉपमधल्या जुन्या इंजिनवर चार मापे घेऊन वही भरेल. पण काकांचा ट्रॅक्टर शेडमध्ये १७ मेपासून उभा आहे. मोगडणी झाली, धुऊन लावला, त्यानंतर चावी लागली नाही. त्याच्यावरच मापे घ्यायची असे ठरवले. आज नुसते वरून पाहिले. बॅटरीच्या प्लस टर्मिनलवर पांढरट-हिरवट फूल आले आहे, बुरशीसारखे. मी काकांना दाखवले. “ते दरसाली येतंय,” म्हणाले. मी पुढे काही बोललो नाही. नंतर लिहितो आहे : तेव्हाच पाना घेतला असता तर १० तारखेची सकाळ वेगळी गेली असती.

१० जून, सकाळ

साडेपाचला उठलो. काकूंनी पहाटेच चार एकरांच्या बियाण्याला रायझोबियम लावून सावलीत ताडपत्रीवर पसरून ठेवले होते. हे जिवाणू लावलेले बी त्याच दिवशी मातीत जायला लागते. ऊन लागले किंवा दिवस उलटला तर जिवाणू मरतात आणि लावल्याचा उपयोग राहत नाही. त्यामुळे आज पेरणी म्हणजे आजच.

पेरणी यंत्र मागे जोडलेले होते. काका सीटवर बसले, क्लच दाबला, चावी फिरवली. सेल्फमधून एकच आवाज आला, ‘टक्’. इंजिन हलले नाही. पुन्हा चावी, पुन्हा ‘टक्’. आठ-दहा वेळा केले. मग त्यांनी हेडलाइट लावला, तो लख्ख लागला. लाइट चालू ठेवून सेल्फ मारला की बल्ब लाल होऊन मिणमिणायचा आणि चावी सोडली की पुन्हा लख्ख.

शेजारचे आण्णा बांधावरून आले. त्यांनी ऐकले आणि निकाल दिला, “बॅटरी बसली तुझी. नवी आण, वेळ घालवू नको.” काकांनी दुकानात फोन लावला. साडेसात हजार, जुनी परत दिली तर थोडे कमी, आणि दुकान दहाला उघडणार. काका मोटरसायकलची चावी शोधायला लागले. दुसरा उपाय आण्णांनी सुचवला, स्क्रू ड्रायव्हर घेऊन सेल्फची दोन टोके शॉर्ट करायची. त्याला मी हात लावू दिला नाही. अशाने गिअर आणि क्लचची सगळी सुरक्षा बाजूला पडते. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर उभ्या माणसाच्या अंगावरून जातो. आमच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात हे सांगितले आहे. काकांनी मला इतक्या जोरात बोलताना पहिल्यांदाच ऐकले असेल.

“काका, बॅटरी आणायला जाण्याआधी मला अर्धा तास द्या,” मी म्हणालो. ते काही न बोलता शेडच्या पायरीवर बसले.

मीटर लावले. चावी बंद, सगळे बंद, थेट बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंटांवर मापले : १२.५ व्होल्ट. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. पूर्ण भरलेली आणि काही तास विश्रांती घेतलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, ११.९ च्या खाली म्हणजे रिकामी. १२.५ म्हणजे चांगलीच भरलेली. तीन आठवडे उभी राहूनही.

पण हे माप विश्रांतीतले आहे, त्यावर विश्वास टाकता येत नाही. मीटरला मापायला जवळजवळ काहीच करंट लागत नाही, म्हणून खराब जोडणीतूनही पूर्ण व्होल्ट दिसतो. खरी परीक्षा सेल्फ मारताना. इंजिन बंद करायची दांडी ओढून ठेवली, म्हणजे डिझेल जाणार नाही आणि अचानक सुरू होणार नाही. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. काकांना म्हटले, मी सांगेन तेव्हा तीन-चार सेकंद सेल्फ मारा, मग सोडा.

पहिले माप, मीटरच्या दोन्ही सुया शिशाच्या खुंटांवर : सेल्फ मारताना ११.६.
दुसरे माप, सुया खुंटांवर बसवलेल्या टर्मिनलच्या पितळेवर : ७.५.

मी ते दोनदा पाहिले. अंतर एका बोटाचे. खुंटावर ११.६ आणि त्यालाच घट्ट धरून बसलेल्या टर्मिनलवर ७.५. म्हणजे बॅटरी द्यायला तयार होती आणि तिने दिलेले अर्ध्या सेंटिमीटरमध्ये गायब होत होते. मग कोणत्या टोकाला ते पाहण्यासाठी एक सुई प्लसच्या खुंटाच्या टोकावर आणि दुसरी त्याच्याच टर्मिनलवर ठेवली. सेल्फ मारताना ३.९ व्होल्ट. मायनसच्या बाजूला ०.२. चांगल्या जोडणीत हा आकडा जवळजवळ शून्य, जास्तीत जास्त ०.१ यायला हवा. मायनसचा ०.२ मी ‘ठीक’ म्हणून लिहिला आणि पुढे गेलो.

काका उठून आले आणि प्लस टर्मिनलला बोट लावले. “अरे, हे तापलंय की!” खरेच, कोमट नव्हे, चांगले गरम. आठ-दहा वेळा सेल्फ मारल्याने इतकी उष्णता त्या फुलाच्या थरातच निघाली होती. मीटर नसेल तर हीच खूण पुरेशी आहे : सेल्फ चार वेळा मारून दोन्ही टर्मिनलला पाठीकडून बोट लावायचे. जे गरम, तिथे अडथळा.

आण्णांचा प्रश्न रास्त होता. “मग लाइट लख्ख कसा लागतोय?” मी वहीत आकडेमोड करून दाखवली. दोन हेडलाइट मिळून साधारण ९ अँपिअर घेतात. सेल्फ अडखळत असतानाही १५० च्या आसपास घेतो. अडथळा ०.०२६ ओहम धरला, तर लाइटच्या वेळी ९ गुणिले ०.०२६, म्हणजे पाव व्होल्टसुद्धा जात नाही. सेल्फच्या वेळी १५० गुणिले ०.०२६, म्हणजे ३.९ व्होल्ट जातो. अडथळा तोच, मागणी वेगळी. काकांनी ते लगेच आपल्या भाषेत आणले : “म्हंजी मोटरीच्या पाइपात बोळा अडकल्यासारखं. घागर भरायला पाणी येतंय, पाटाला पोचत न्हाई.” इतके नेमके मलाही सांगता आले नसते.

१० जून, काम

१३ नंबरचा पाना, जुना टूथब्रश, पॉलिश पेपर, खायचा सोडा, कोमट पाणी, व्हॅसलिन. एवढेच लागले. काकूंनी सोडा चपातीच्या डब्याजवळून काढून दिला आणि डबा परत ठेवताना विचारले, “एवढ्यात होणार का?”

आधी मायनस काढला. हा क्रम काकांना करून दाखवला, कारण मायनस ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलेला असतो. प्लसवर पाना असताना त्याचे दुसरे टोक अंगाला लागले तर थेट शॉर्ट होते, ठिणगी उडते. बॅटरीच्या तोंडाशी हायड्रोजन असतो, तो पेटतो. मायनस आधी सुटला असेल तर पाना अंगाला लागला तरी काही होत नाही. विडी पेटवलेल्या माणसाला त्या वेळी जवळ येऊ द्यायचे नाही. आण्णांनी विडी विझवून खिशात ठेवली.

प्लसचे टर्मिनल निघेना. काका हातोडी घेऊन आले. थांबवले. शिसे मऊ असते, ठोकले तर खुंट आतून सैल होतो, तिथून अॅसिड झिरपायला लागते आणि चांगली बॅटरीही कायमची गळकी होते. नट पूर्ण सोडून टर्मिनलची फट पक्कडने हलके उघडली आणि डावी-उजवीकडे फिरवत वर काढले.

आत काय होते ते मी नीट पाहिले. खुंटाचा शेंडा चकचकीत, पण टर्मिनल बसते त्या भागावर करड्या-काळ्या रंगाचा एकसारखा थर, नखाने खरवडला तर पापुद्रा निघावा असा. टर्मिनलच्या आतल्या भिंतीवर तसाच, आणि तळाला हिरवा-निळा चुरा. बाहेरचे फूल म्हणजे नुसती पाटी होती, खरा अडथळा आतला हा थर. अॅसिडची वाफ, पावसाळी ओल आणि शिसे-तांबे एकत्र आले की असा थर बनतो. तो वरून घासून जात नाही, म्हणून ‘ब्रश मारला पण फरक नाही’ असे म्हणणारे बरेच असतात. टर्मिनल उतरवल्याशिवाय साफ होत नाही.

सेलच्या झाकणांची तोंडे घट्ट बसली आहेत हे पाहून, एक चमचा सोडा अर्ध्या लिटर कोमट पाण्यात घालून टर्मिनलवर ओतला. फसफसला आणि फेस वर आला. सोड्याचे पाणी सेलमध्ये गेले तर आतले अॅसिड मरते, त्यामुळे ही झाकणे आधी पाहायचीच. फेस थांबेपर्यंत ब्रशने घासले, साध्या पाण्याने धुतले, फडक्याने कोरडे केले. मग पॉलिश पेपर. खुंटाची बाजू आणि टर्मिनलची आतली भिंत पितळेसारखी-शिशासारखी चमकेपर्यंत. शिसे फार घासायचे नाही, नाहीतर टर्मिनल पुन्हा घट्ट बसत नाही.

बसवताना उलटा क्रम : आधी प्लस, शेवटी मायनस. नट इतका घट्ट की हाताने टर्मिनल फिरू नये, त्यापुढे ताकद लावायची नाही. व्हॅसलिन सगळ्यात शेवटी, बाहेरून. आधी लावले तर ते मध्येच अडकते.

दांडी आत ढकलली. काकांनी सेल्फ मारला. इंजिन दोन फेऱ्यांत पकडले. सेल्फ मारताना खुंटावर १०.६, टर्मिनलवर १०.४. सकाळच्या ७.५ च्या जागी. बॅटरीच्या खुंटाचा आकडा सकाळच्या ११.६ पेक्षा खाली आला आहे याची काकांना शंका आली. ते बरोबरच आहे, कारण आता तिला खरे काम पडले. साडेनऊ-पावणेदहा व्होल्टच्या खाली गेला असता तर काळजी होती.

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी पहिले तास ओढले. साडेतीन एकर झाले. रायझोबियम लावलेले थोडे बी उरले होते, म्हणून संध्याकाळी दिवा लावून आणखी अर्धा एकर ओढला.

११ जून

उरलेल्या तीन एकरांसाठी पहाटे काढायला गेलो तर सेल्फ पुन्हा जड. ‘टक्’ नाही, पण ‘घुर्र… घुर्र…’, थकलेला. तिसऱ्या वेळी सुरू झाला. काका बोलले नाहीत, पण मला कळले. रात्री पाऊस पडला होता.

हे माझ्याकडून सुटले. मी काल दोन्ही खुंटांवर मापले आणि मायनसच्या ०.२ वर समाधान मानले. मायनसची वायर बॅटरीवर संपत नाही. ती दुसऱ्या टोकाला गिअरबॉक्सच्या अंगावर बोल्टने बसवलेली आहे. बॅटरीपासून अंगापर्यंत सगळा रस्ता मापला नव्हता. आज एक सुई मायनसच्या खुंटावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर ठेवली. सेल्फ मारताना १.८ व्होल्ट. सगळ्या रस्त्यात मिळून अर्धा व्होल्टही नको. सेल्फपर्यंत ८.९ पोचत होता.

बोल्ट उघडला. वायरच्या टोकाचे थिंबल आणि गिअरबॉक्समध्ये रंगाचा थर, त्याखाली गंजाची लाल पावडर आणि आता ओल. मागच्या वर्षी काकांनी ट्रॅक्टर रंगवून घेतला होता, तो रंग थिंबलच्या खालीही गेला होता. चाकूने रंग खरवडून, पॉलिश पेपर मारून लोखंड उघडे केले, थिंबलही चमकवले, स्टार वॉशर घालून घट्ट केले, बाहेरून ग्रीस लावली. आता ०.२. सेल्फ पहिल्या झटक्यात.

वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवले आहे : प्लसच्या खुंटापासून सेल्फच्या मोठ्या नटपर्यंत एक माप आणि मायनसच्या खुंटापासून इंजिनच्या अंगापर्यंत एक माप, दोन्ही सेल्फ मारताना. टर्मिनल पुन्हा उघडायचे की नाही ते यावरून ठरते. ही दोन मापे मी आधी घेतली असती तर आज काकांना तीनदा चावी फिरवावी लागली नसती.

पेरणी दुपारी संपली.

१४ जून

बॅटरीची उरलेली तपासणी. रात्री काही चालवले नाही, सकाळी सेलमधल्या अॅसिडची घनता मापणारा हायड्रोमीटर घेतला. सेलमध्ये पाणी खाली असताना माप खोटे येते, म्हणून आधी पातळी पाहिली. दोन सेलमध्ये प्लेटच्या वर नेमकेच होते. डिस्टिल्ड वॉटर घालून प्लेटच्या वर सुमारे एक सेंटिमीटर केले. अॅसिड कधी घालायचे नाही. सेलमधून पाणीच उडते, अॅसिड आतच राहते. विहिरीचे पाणीही नाही, त्यातल्या क्षारांनी प्लेट लवकर खराब होतात. आण्णांना हे पटायला वेळ लागला, कारण ते वर्षानुवर्षे हौदाचे घालत आले आहेत.

पाणी घातल्यावर लगेच मापले तर हायड्रोमीटर वरच्या पातळ पाण्याचे वाचन दाखवतो. म्हणून काकांना दोन तास रोटाव्हेटरचे काम करू दिले आणि नंतर मापले. पाच सेल १.२४० च्या आसपास, एक १.२२०. सगळ्यांत मोठा फरक ०.०२०. हा ०.०५० च्या वर गेला तर एक सेल आजारी आहे असे समजायचे. आमचा ठीक.

इंजिन चालू, मध्यम वेगात खुंटावर १४.१ व्होल्ट. अल्टरनेटर चार्ज करतो आहे. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान हवा. १३ च्या खाली राहिला असता तर टर्मिनल साफ करूनही चार दिवसांत पुन्हा तीच सकाळ उगवली असती.

१८ जून

सोयाबीन उगवले. काकांनी हाताने माती बाजूला करून दोन रोपे दाखवली. १० तारखेच्या आणि ११ तारखेच्या ओळींत दिसण्यासारखा फरक नाही.

२३ जून

आण्णांचा ट्रॅक्टर बंद. त्यांनी मला बोलावले. आवाज वेगळा होता : ‘टक-टक-टक-टक’, पटापट. लाइट आधीच पिवळा. मी आधी काहीच सांगितले नाही, टर्मिनल पाहिले. साफ होते. हाताने फिरले नाही, गरमही झाले नाही. मग मापे. विश्रांतीत ११.९. आण्णा म्हणाले, काल संध्याकाळी चालवल्यावर १२.५ दाखवत होता. ते चार्जिंगनंतरचे वरवरचे व्होल्ट असते, रात्रभर थांबल्यावर उतरते. सेल्फ मारताना खुंटावर ६.८, टर्मिनलवर ६.७. फरक फक्त ०.१. आमच्या शेडमध्ये उलटे होते : खुंट ११.६ आणि टर्मिनल ७.५. आण्णांच्या इथे मधल्या जोडणीत काही जात नव्हते, बॅटरी स्वतःच गुडघे टेकत होती.

चार्जिंगला टाकून दुसऱ्या दिवशी मापू म्हणालो, कारण रिकाम्या बॅटरीवर निकाल द्यायचा नाही, नुसतीच उतरलेली असू शकते.

२५ जून

आण्णांची बॅटरी रात्रभर चार्ज करून, सकाळभर थांबवून मापली. पाच सेल १.२३०, तिसरा १.११०. फरक ०.१२०. तो सेल गेला, चार्जिंगने परत येणार नाही. सेल्फ मारताना पुन्हा ७ च्या खाली. आता मीच त्यांना म्हणालो, “आण्णा, नवी आणा.” त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “नीट मापलंस ना रं?” मी वही दाखवली.

नवी घेताना दुकानातच १२.६ व्होल्ट मापून घेतली. काका आण्णांच्या शेडमध्ये होते. आण्णा मायनसची वायर हातात घेऊन आधी तीच लावायला निघाले, तेव्हा काकांनी त्यांचा हात धरला. “आधी प्लस. मायनस शेवटाला.”